पार्सलचा ठिपका उडी का मारतो, मध्येच का थांबतो, आणि येण्याची वेळ कशी ठरते: दिवाडीच्या एका पार्सलवरून सगळं समजून घेऊ

माझी मावशी गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर राहते. मागच्या महिन्यात तिचं बीपी मोजायचं मशीन यायचं होतं आणि त्याच दिवशी तिला बाराच्या फेरीबोटीने पलीकडे दवाखान्यात जायचं होतं, म्हणजे अकरा पन्नासला घर सोडायलाच हवं. साडेअकराला तिचा फोन आला, "अरे हा पोरगा अजून जुने गोव्यालाच उभा आहे, हलतच नाही, आणि वेळ तर वाढतच चाललीय, आधी अकरा पंचवीस म्हणत होते आता अकरा पन्नास म्हणतायत, थांबू की जाऊ?" मी तिला थांब म्हटलं, आणि पार्सल अकरा त्रेचाळीसला आलं. मी काही वर्षं डिलिव्हरीच्या रूटिंगचं काम केलंय, त्यामुळे स्क्रीनवर जे दिसत होतं त्यामागे काय चाललंय ते मला कळत होतं. तेच इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाही ॲपच्या नकाशावरचा ठिपका बघून ठरवता येईल की थांबायचं, फोन करायचा, की आपलं काम उरकून यायचं.

आधी एक खुलासा, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पार्सल बेंगळुरू-मुंबईहून गोव्यात येतं तेव्हा त्याचं लाइव्ह ट्रॅकिंग नसतं. तिथे दिसतात ते फक्त स्कॅन, म्हणजे अमक्या हबवर कोणीतरी बारकोड मारला आणि तुमच्या ॲपमध्ये एक ओळ आली. दोन स्कॅनच्या मध्ये पार्सल कुठे आहे हे ॲपला माहीत नसतं. हलणारा ठिपका येतो तो शेवटच्या टप्प्यात, राइडरने पार्सल गाडीवर घातल्यावर, आणि बऱ्याच ॲपमध्ये तर तुमचा नंबर जवळ आल्यावरच. हा लेख त्या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे.

ठिपका म्हणजे नक्की काय

ठिपका म्हणजे पार्सल नाही, राइडरचा फोन. पार्सलमध्ये काहीही बसवलेलं नसतं. राइडरच्या फोनमधलं ॲप ठराविक वेळाने फोनला विचारतं की आपण कुठे आहोत, आणि जे उत्तर मिळतं ते सर्व्हरला पाठवतं. एक नोंद साधारण अशी दिसते (आकडे नमुन्याचे आहेत):

```
{"lat": 15.507, "lng": 73.911, "accuracy": 12,
 "speed": 2.4, "time": "11:32:20"}
```

यात `lat` आणि `lng` म्हणजे जागा, `speed` मीटर प्रति सेकंदात, आणि `time` म्हणजे फोनने ती जागा कधी मोजली ती वेळ. सगळ्यात कामाचा आकडा मात्र `accuracy` आहे आणि तोच आपल्याला कधी दाखवत नाहीत. १२ म्हणजे फोन म्हणतोय की मी या बिंदूपासून साधारण १२ मीटरच्या आत आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन ५ मीटरच्या आसपास बरोबर असतो. पण फोन नेहमी उपग्रहच वापरतो असं नाही, बॅटरी वाचवायला किंवा आकाश दिसत नसेल तर तो वायफाय आणि मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि टॉवरचा अंदाज शेकडो मीटर, कधी किलोमीटरभर चुकू शकतो. नदीच्या काठावरच्या गावांना याचा विशेष त्रास, कारण अलीकडे उभा असलेला फोन पलीकडच्या काठाचा टॉवर सहज पकडतो, मध्ये अडवायला काही नसतंच. अशा वेळी ठिपका एकदम नदी ओलांडून जातो आणि पुढच्या नोंदीला परत येतो. राइडर जागचा हललेला नसतो. चांगली यंत्रणा `accuracy` खूप मोठा असलेल्या नोंदी फेकून देते, साधी यंत्रणा तशाच दाखवते.

ठिपका मागे का राहतो

आता ही नोंद तुमच्या स्क्रीनपर्यंत कशी येते बघा, कारण उशीर एका जागी होत नाही, थोडा थोडा सगळीकडे साचतो. समजा फोन दर १० सेकंदांनी जागा मोजतो. पण प्रत्येक नोंदीला नेट उघडलं तर बॅटरी आणि डेटा दोन्ही संपतात, म्हणून ॲप दोन-तीन नोंदी जमवून दर ३० सेकंदांनी पाठवतं. सर्व्हर ती नोंद साफ करून रस्त्यावर बसवतो. तुमचं ॲप दर १० ते २० सेकंदांनी सर्व्हरला विचारतं की नवीन काही आलं का. सगळं नीट चालू असतानाही अर्ध्या मिनिटापासून मिनिटभरापर्यंत ठिपका जुना असतो, आणि ताशी ३० किलोमीटरने जाणारी स्कूटर एका मिनिटात ५०० मीटर जाते. म्हणून राइडर तुमच्या फाटकाशी येऊन हॉर्न देतो आणि ठिपका अजून मागच्या वळणावर असतो. यात बिघाड काहीच नाही, असंच असतं.

मग तो इतका सुरळीत सरकताना कसा दिसतो? तर ॲप मधलं अंतर स्वतः भरतं. शेवटच्या दोन खऱ्या जागा घेऊन ठिपका एकीकडून दुसरीकडे हळूहळू सरकवतं, म्हणजे तुम्ही जी हालचाल बघता ती काही सेकंदांपूर्वीची, परत लावलेल्या व्हिडिओसारखी. काही ॲप याच्याही पुढे जातात, नवी नोंद आली नाही तर राइडर त्याच वेगाने त्याच रस्त्याने जात असेल असं धरून ठिपका पुढे ढकलत राहतात. राइडर खरंच जात असेल तर हे छान दिसतं. पण तो मध्येच कोणाच्या दारात थांबला तर खरी नोंद आल्यावर ठिपका मागे येतो. ठिपका रस्त्यावरून सरळ मागे आला, म्हणजे यू-टर्न घेतल्यासारखं वळण न घेता नुसता मागे सरकला, तर समजायचं की ॲपने आधी अंदाजाने पुढे नेलं होतं आणि आता दुरुस्त केलंय.

पूर्ण गोठणं ही वेगळी गोष्ट. फोनमध्ये बॅटरी सेव्हर लागला किंवा राइडरने ॲप बाजूला ठेवून दुसरं काही उघडलं तर फोन स्वतःच त्या ॲपचं जागा विचारणं कमी करतो. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, मागे पडलेल्या ॲपला तासाला मोजक्याच वेळा जागा मिळते. म्हणून डिलिव्हरीची ॲप एक कायमची सूचना वर लावून ठेवतात, ती सूचना चालू असेल तोवर फोन त्यांना जागा देत राहतो. पण काही फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये तीसुद्धा बंद पाडली जाते, आणि मग ठिपका एका जागी चिकटतो.

आणि नेट गेलं तर? फोन जागा मोजतच राहतो, जीपीएसला नेट लागत नाही, नोंदी फोनमध्ये साठतात आणि रेंज आली की एकदम जातात. दिवाडीला शेतांच्या मधल्या रस्त्यावर तेच झालं, तीन मिनिटं काही आलं नाही आणि मग ठिपका एकदम पुढे. ताशी २५ किलोमीटरने तीन मिनिटांत सव्वा किलोमीटर होतं, तेवढी ती उडी. बहुतेक ॲप ते मधलं अंतर परत खेळवत बसत नाहीत, शेवटची जागा घेऊन तिथे उडी मारतात, आणि मला विचाराल तर तेच योग्य आहे, कारण तुम्हाला राइडर आत्ता कुठे आहे ते हवंय, तीन मिनिटांपूर्वी कुठून गेला ते नाही.

वेळ कशी काढतात

आता मावशीच्या त्या अकरा पंचवीसकडे येऊ. लोकांना वाटतं वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. रस्त्याचा भाग तसाच काढतात, नकाशातल्या प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्या तुकड्यावर त्या वेळी गाड्या किती वेगाने जातात त्यावरून मिनिटं काढून बेरीज करतात. पण पार्सलच्या बाबतीत रस्ता हा छोटा भाग असतो. मोठा भाग थांबण्याचा असतो.

सकाळी १०:४० ला तिच्या आधी चार घरं होती. स्क्रीनवर नुसती वेळ होती, पण साधारण हिशेब असा लागतो. चार घरांना प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे १६. चार मिनिटं म्हणजे गाडी लावणं, घर शोधणं, ओटीपी घेणं, फोटो काढणं, परत गाडीपर्यंत येणं. त्या घरांमधून फिरत फेरीच्या धक्क्यापर्यंत साधारण ३ किलोमीटर, ताशी २० ने ९ मिनिटं. फेरीचे सरसकट १२ मिनिटं, थोडं थांबणं आणि ५ मिनिटं पलीकडे जाणं. मग दिवाडीच्या धक्क्यापासून मावशीच्या घरापर्यंत सव्वातीन किलोमीटर, ताशी २५ ने ८ मिनिटं. १६ अधिक ९ अधिक १२ अधिक ८, झाले ४५. १०:४० मध्ये ४५ मिळवले की ११:२५.

बघा, ४५ मधली २८ मिनिटं थांबण्याची आणि फेरीची आहेत, गाडी चालवण्याची फक्त १७. गाडी चालवण्याचा अंदाज दहा टक्के चुकला तरी दोन मिनिटांचा फरक पडतो. थांबण्याचा अंदाज चुकतो तेव्हा दुप्पट-तिप्पट चुकतो. त्या दिवशी तिसऱ्या घरी पैसे रोख द्यायचे होते, सुट्टे नव्हते, शेजारून आणले, चार मिनिटांच्या जागी अकरा लागली. सात मिनिटं तिथेच गेली.

आणि ती सात मिनिटं स्क्रीनवर कशी दिसतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिली चार मिनिटं वेळ बदललीच नाही, ११:२५ च, कारण यंत्रणेने त्या घराला चार मिनिटं धरलीच होती. पाचव्या मिनिटापासून तिच्या मते त्या घराचं काम "आत्ता संपतंय", म्हणून घड्याळाचं एक मिनिट गेलं की येण्याची वेळही एक मिनिट पुढे. ११:२६, ११:२७, असं करत ११:३२. ठिपका स्थिर, आणि वेळ घड्याळाबरोबर सरकतेय, हे दिसलं की समजायचं यंत्रणा ज्या कामाची वाट बघतेय ते तिच्या हिशेबाबाहेर लांबलंय. किती लांबणार हे तिला माहीत नाही, ती फक्त "आत्ता संपेल" असं प्रत्येक मिनिटाला नव्याने म्हणते. स्क्रीनवर दिसणाऱ्या वेळेवर अशा क्षणी विश्वास ठेवू नका, ती वेळ म्हणजे "राइडर या सेकंदाला निघाला तर" असं असतं.

फेरीच्या धक्क्यावर

राइडर ११:१२ ला जुने गोव्याच्या धक्क्यावर पोचला. बोट पलीकडे होती. आली, लोक उतरले, गाड्या चढल्या, आणि ११:३० ला सुटली. ११:३५ ला दिवाडीला लागली. म्हणजे बारा मिनिटांच्या जागी तेवीस, अकरा मिनिटं जास्त. आधीची सात आणि ही अकरा, अठरा मिनिटं उशीर, ११:२५ चे ११:४३. हिशेब चोख आहे, पण त्या वीस-पंचवीस मिनिटांत मावशीच्या स्क्रीनवर काय काय दिसलं ते बघा.

११:१२ ला बाकी काय? फेरीचे १२ आणि पुढचे ८, एकूण २०, म्हणून ११:३२. ११:२० ला राइडर तिथेच उभा, आणि यंत्रणेच्या मते तो अजून फेरीच्या सुरुवातीलाच आहे, म्हणून बाकी परत पूर्ण २०, वेळ ११:४०. आठ मिनिटं थांबून झालीत हे ती धरतच नाही. ११:३० ला ११:५०. इथेच मावशीने फोन केला, आणि तिचं बरोबरच होतं, ११:५० ला तर तिला घर सोडायचं होतं. बोट सुटली तरी वेळ वाढतच होती, ११:३४ ला ११:५४. आणि ११:३५ ला एकदम ११:४३. एका मिनिटात वेळ अकरा मिनिटांनी मागे आली, आणि त्याच क्षणी ठिपक्याने नदी ओलांडून उडी मारली.

ही उडी का, ते नीट सांगतो, कारण इथे सगळे जीपीएसला दोष देतात. बोटीवर वर पूर्ण आकाश मोकळं असतं, बाजूला इमारती नाहीत, झाडं नाहीत, जीपीएस इतकं चांगलं गोव्यात क्वचितच कुठे चालतं. फोनला नदीच्या मधोमध आपण नदीच्या मधोमध आहोत हे बरोबर माहीत होतं. चुकतो तो नकाशा.

फोनची जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे असतेच, ती तशीच दाखवली तर ठिपका शेतातून आणि घरांच्या छपरांवरून चालेल. म्हणून सर्व्हर प्रत्येक नोंद जवळच्या रस्त्याला चिकटवतो. हे करताना तो दोन गोष्टी बघतो, ही नोंद कुठल्या रस्त्याच्या जवळ आहे, आणि मागच्या रस्त्यावरून या रस्त्यावर एवढ्या वेळात येणं शक्य आहे का. दोन्ही मिळून ज्या मार्गाची शक्यता जास्त तो धरतो. ही पद्धत २००९ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या पॉल न्यूसन आणि जॉन क्रुम यांनी मांडली आणि आजही रस्त्याला चिकटवायची बरीचशी सॉफ्टवेअर याच विचारावर चालतात. रस्त्यावर ती फार छान चालते. पण नदीत रस्ता नसतो. ठराविक अंतरात एकही रस्ता सापडला नाही की नोंद सोडून दिली जाते आणि ठिपका शेवटच्या रस्त्यावर, म्हणजे जुने गोव्याच्या धक्क्यावर, तसाच राहतो. बोट दिवाडीच्या काठाला आली की तिथला रस्ता सापडतो, आणि ठिपका तिथे उगवतो. मधलं पाणी कोणी ओलांडलंच नाही असं दिसतं.

तुम्ही म्हणाल वेळेच्या हिशेबात तर फेरीचे बारा मिनिटं होते, मग नकाशात फेरी होतीच की. होती, आणि तिथेच गंमत आहे. वेळ काढणारी यंत्रणा आणि ठिपका रस्त्याला चिकटवणारी यंत्रणा बऱ्याचदा वेगळ्या असतात, एकीने फेरीची रेघ धरली आणि दुसरीने फक्त रस्ते धरले तर असंच होतं. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात फेरी `route=ferry` अशी नोंदवलेली असते आणि तिला `duration=00:05` अशी वेळ देता येते, बरीच रूटिंग सॉफ्टवेअर तीच वेळ वाचतात. पण ती पलीकडे जायची वेळ असते, धक्क्यावर थांबायची नाही. थांबण्यासाठी काहीतरी सरासरी कोणीतरी हाताने घालतं, आणि बोट नुकतीच सुटली की आत्ता लागतेय यात सरासरीचा काही उपयोग नसतो.

फेरी नकाशात अजिबातच नसेल तर याहून वाईट होतं. दिवाडीला पूल नाही, मग रस्ता सापडत नाही, आणि काही सॉफ्टवेअर नकाशावरच्या तुमच्या घराच्या खुणेला, म्हणजे पिनला, सगळ्यात जवळचा "पोचता येणारा" रस्ता शोधतात, जो पलीकडच्या काठावर असू शकतो. मग वेळ भलतीच कमी दाखवते. काठाजवळच्या घरांना आणखी एक अनुभव येतो, राइडर जुने गोव्याच्या बाजूला असतानाच "तुमचं पार्सल जवळ आलंय" असा मेसेज येतो, कारण तो मेसेज बऱ्याच ठिकाणी हवाई अंतरावर लावलेला असतो, काही शे मीटरच्या आत फोन आला की गेला मेसेज, मध्ये मांडवी आहे हे त्याला कुठे माहीत. शेजारच्या चोडण बेटाची वेगळीच तऱ्हा, तिथे रायबंदरहून फेरी आहे आणि मयेच्या बाजूने रस्त्यानेही जाता येतं, त्यामुळे यंत्रणा मध्येच एक वाट सोडून दुसरी धरते आणि वेळ मोठ्या फरकाने पुढे-मागे होते.

पुलावरची उडी

फेरी नसलेल्यांनाही हे दिसतं, पर्वरीहून पणजीला येताना. तिथे मांडवीवर जुने दोन पूल आणि २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू असे तीन पूल एकमेकांना लागून आहेत. नकाशावर वरून बघितलं तर शेजारी शेजारी तीन रेघा. सेतू खूप उंचावर आहे हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं, पण रस्त्याला चिकटवणारी यंत्रणा सहसा उंची बघतच नाही, आणि जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्तच चुकते. नोंद थोडी सरकली की ठिपका शेजारच्या पुलावर. आणि सेतूवरून पुढे मेरशीकडे निघता येतं, म्हणून एकदा चुकून तिथे चिकटला की यंत्रणा पुढचा रस्ताही तसाच धरते, ठिपका पणजी सोडून निघाल्यासारखा दिसतो, वेळ वाढते, आणि दोन-तीन नोंदींनंतर सगळं परत जागेवर.

हे ओळखायला सोपी खूण आहे. अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. तुमचा राइडर स्कूटरवर असेल आणि ठिपका सेतूवर दिसत असेल तर ठिपका चुकतोय, मिनिटभर थांबा. तसंच यंत्रणेने दुचाकीसाठी चारचाकीचाच नकाशा वापरला असेल तर ती सेतूवरूनच वेळ काढते, आणि मग या रस्त्यावरच्या पार्सलना रोजच थोडा उशीर दिसतो. एकदा झालं तर योगायोग, दरवेळी त्याच जागी होत असेल तर नकाशाची चूक.

मग स्क्रीन वाचायची कशी

पहिली गोष्ट, ठिपक्याच्या आधी "शेवटचं अपडेट" कधीचं आहे ते बघा. बऱ्याच ॲपमध्ये ते बारीक अक्षरात असतं किंवा ठिपक्यावर बोट ठेवल्यावर दिसतं. ठिपका थांबलाय आणि अपडेट पाच-दहा मिनिटं जुनं आहे, तर फोन किंवा नेटचा प्रश्न आहे, राइडर पुढे निघूनही गेला असेल, तयारीत राहा. ठिपका थांबलाय आणि अपडेट ताजं आहे, तर तो खरंच थांबलाय. ताज्या अपडेटचा थांबलेला ठिपका किंचित थरथरताही दिसतो, पाच-दहा मीटर इकडेतिकडे, ते फोन चालू असल्याचं चांगलं लक्षण.

अपडेटची वेळ दाखवतच नसेल तर ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. कधी कधी तुमच्याच फोनचं नेट अडकलेलं असतं आणि आपण उगाच राइडरच्या नावाने शंख करतो.

दुसरी गोष्ट, मिनिटांपेक्षा मध्ये किती घरं आहेत तो आकडा बघा, ॲप देत असेल तर. तो आकडा अंदाजाने येत नाही, राइडरने डिलिव्हरीचं बटण दाबल्यावर बदलतो. दोन-तीन घरं जाईपर्यंत घड्याळ लावून बघा, प्रवास धरून एका घराला किती वेळ लागतोय ते कळतं, आणि उरलेल्या घरांना तेवढ्याने गुणलं की तुमचा स्वतःचा अंदाज तयार, जो बऱ्याचदा ॲपपेक्षा बरा निघतो कारण त्यात आजचा राइडर आणि आजचा पाऊस दोन्ही आलेले असतात. एक सावधगिरी, काही राइडर एका सोसायटीची चार पार्सल देऊन मग चारही बटणं एकदम दाबतात, त्यामुळे आकडा नऊवरून पाचवर एकदम आला तर तो वेग धरू नका.

तिसरी, आणि मावशीच्या वेळी कामाला आलेली. तुमच्या आणि राइडरच्या मध्ये अशी कुठली जागा आहे का जिथे थांबणं त्याच्या हातात नाही, फेरी, रेल्वे फाटक, बाजाराच्या दिवशी म्हापशाचा रस्ता. असेल तर त्या जागेच्या अलीकडची वेळ विसरून जा आणि पलीकडून मोजा. मी मावशीला विचारलं, बोट कुठल्या काठाला आहे? तिने धक्क्याजवळच्या दुकानात फोन केला, ते म्हणाले तिकडेच आहे, गाड्या चढल्यात, आता सुटतेयच. मग हिशेब सोपा, बोट सुटल्यापासून ५ मिनिटं पाणी आणि ८ मिनिटं रस्ता, एकूण १३. ११:३० ला सुटली तर ११:४३. ॲप त्या वेळी ११:५० म्हणत होतं. बोट कुठे आहे ही एक गोष्ट ॲपला माहीत नव्हती आणि दुकानदाराला दिसत होती, फरक तेवढाच.

राइडरला फोन कधी करायचा? ठिपका थांबलेला आहे, अपडेट ताजं आहे, घरांचा आकडा वीस मिनिटांत हललेला नाही आणि मध्ये फेरीसारखं काही नाही, तेव्हा. नाहीतर तो गाडीवर असतो, फोन उचलायला थांबतो, आणि ती दोन मिनिटं तुमच्याच वेळेत वाढतात. कोणी तरी चालत्या गाडीवर उचलतो ते तर आणखी वाईट.

शेवटची गोष्ट पिनची, कारण वेळ निघते ती तुमच्या घरापर्यंत नाही, पिनपर्यंत. आपले पत्ते असतात अमका वाडा, देवळामागे, चॅपेलजवळ, आणि घर नंबर ओळीने असतीलच असं नाही. पत्त्यावरून जागा सापडली नाही की यंत्रणा पिन गावाच्या किंवा पिनकोडच्या भागाच्या मध्यावर टाकते. मग ठिपका पिनवर पोचतो, "एक मिनिट" असं दाखवत राहतो, आणि राइडर गावभर विचारत फिरतो. त्याचं ते शोधणं तुमच्या घराच्या चार मिनिटांत कुठेच धरलेलं नसतं. पत्ता भरताना नकाशा उघडून, उपग्रहाचं चित्र लावून, पिन स्वतः ओढून फाटकावर ठेवा, घराच्या छपरावर नाही, कारण पिन सगळ्यात जवळच्या रस्त्याला जोडली जाते आणि घराच्या मागून दुसरा रस्ता जात असेल तर राइडर मागच्या कंपाउंडला येऊन उभा राहतो. आणि बेटावर राहत असाल तर सूचनेच्या रकान्यात फेरीचं नाव लिहा, "जुने गोवे धक्क्यावरून फेरी, उतरल्यावर सरळ" असं. मावशीचं घर दिवाडीच्या वरच्या टोकाला असतं तर नार्वेची फेरी बरी पडली असती, आणि चुकीच्या धक्क्यावर गेलेला राइडर परत फिरून यायला ॲपच्या कुठल्याही अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो.